अंगणातल्या डोहाळे जेवणाचं रील कसं करावं: रिकाम्या जागेपासून भरल्या पंगतीपर्यंत

कार्यक्रमांच्या नियोजनात नव्याने आलेली मंडळी रील करतात म्हणजे काय करतात, तर सजलेलं स्टेज, फुलांवरून सरकणारा कॅमेरा, हसरे चेहरे आणि वर एखादं चालतं गाणं. बघणारी बाई "छान आहे" म्हणते आणि पुढे सरकते. तिच्या मनात प्रश्न वेगळेच असतात. आमचं अंगण एवढंसं, त्यात हे मावेल का? ऐंशी बायका बसवायच्या कुठे, जेवायला वाढायचं कुठे? मार्चच्या उन्हाचं काय? लाइट गेली तर? सजावटीच्या रीलमध्ये यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून एकच कार्यक्रम घ्यावा आणि तो कसा उभा राहिला ते दाखवावं. बघणाऱ्या बाईला त्यात स्वतःचं अंगण दिसलं की ती फोन उचलते.

इथे उदाहरणाला बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईतलं एक डोहाळे जेवण घेते. मार्चअखेर, सातवा महिना, संध्याकाळी ५ ते ९. घरापुढे अंदाजे ३० बाय ४० फुटांचं अंगण, एका कोपऱ्यात तुळस, पश्चिमेला शेजारच्या घराची उंच भिंत आणि मागच्या दाराला बोळ. पाहुणे ८०, त्यातल्या बहुतेक बायका आणि त्यांच्या मागे पोरंटोरं. मंगल कार्यालय घ्यायचं नाही, घरीच करायचं, हा सासूबाईंचा हट्ट. मराठवाड्यात अशी घरं गावोगाव आहेत, म्हणून हे उदाहरण कामाचं.

आधी घरच्यांशी बोलणं

कॅमेरा काढण्याच्या कितीतरी आधीचं काम हे आहे. कोटेशन देतानाच त्यात एक ओळ टाकावी: "या कार्यक्रमाच्या तयारीचं आणि कार्यक्रमाचं छोटं रील करून आम्ही आमच्या पेजवर टाकू, तुमची हरकत नसेल तर." उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावं, आणि ते जिचं डोहाळे जेवण आहे तिच्याकडून घ्यावं. नुसता नवरा किंवा सासरे "हो हो, टाका" म्हणाले म्हणून भागत नाही.

डोहाळे जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे एक गोष्ट हमखास निघते: नजर लागते, बाळंतपण होईपर्यंत कुठं काही टाकू नका. यावर वाद घालू नये. दोन मार्ग आहेत. एक तर रील तयार करून ठेवायचं आणि बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर, घरच्यांना पुन्हा एकदा विचारून टाकायचं. तुमच्या दृष्टीने दोन-तीन महिने गेल्याने काही बिघडत नाही, अंगण तेच राहतं. दुसरा मार्ग म्हणजे चेहरा न दाखवता चित्रण करायचं. ओटी भरणारे हात, हिरवा चुडा, पाठमोरी बसलेली ती आणि समोर रांगेत बायका, एवढ्यातही प्रसंग पूर्ण कळतो. आमच्या उदाहरणात घरच्यांनी हाच पर्याय घेतला, आणि मला तरी असं रील जास्त आवडतं. चेहरा नसला की बघणारीला त्या जागी स्वतःची सून किंवा लेक बसवता येते.

पाहुण्यांचं काय? ऐंशी जणींच्या सह्या कोणी घेत नाही. पण दारातच सासूबाईंनी किंवा जावेने "इकडून शूटिंग चाललंय, नको असेल त्यांनी त्या बाजूला बसा" एवढं सांगितलं की काम होतं. लहान पोरांचे चेहरे जवळून घेऊ नयेत. घराच्या नावाची पाटी, गाडीचा नंबर, पत्रिकेवरचा फोन नंबर आणि कुणाच्या अंगावरचं सोनं जवळून, हे चारही चित्रणातून वगळावं. दागिने आणि पत्ता एकाच रीलमध्ये टाकणं म्हणजे चोराला आवतण.

आणखी एक. हल्ली काही घरांतून परदेशी व्हिडिओ बघून "बाळाचं रिव्हील ठेवा, गुलाबी-निळा धूर सोडा" अशी मागणी येते. आपल्या देशात गर्भाचं लिंग तपासून सांगणं १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे उघड करायला मुळात हातात काही असताच कामा नये. पेढा की बर्फी हा आपला जुना खेळ नुसता अंदाजाचा आहे, तो घरात खुशाल खेळावा. पण रीलमध्ये मी तो घेत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या जिल्ह्यात धंदा करताना पेढा निघाल्यावरचा जल्लोष जाहिरातीत दाखवावा असं मला वाटत नाही.

रिकामं अंगण, आहे तसं

सगळ्या रीलमध्ये सगळ्यात मोलाचा तुकडा हा, आणि नेमका हाच राहून जातो, कारण सकाळी मंडपवाल्याचा टेम्पो आला की गडबड सुरू होते. टेम्पो यायच्या आधी अर्धा तास पोचा. अंगण झाडायला लावू नका. उभी स्कूटर, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातली बादली, सगळं राहू द्या. बघणारीच्या घरी असंच असतं. आवरून घेतलेलं अंगण दाखवलं तर तिला वाटतं, यांचं घर मोठं आहे, आपलं तसं नाही.

हे चित्रण ज्या जागेवरून कराल त्याच जागेवरून संध्याकाळी पुन्हा करायचं आहे, म्हणून जागा पक्की हवी. बरेच जण जमिनीवर खडूने फुली मारतात. दोन तासांत बिछायतवाले त्यावर सतरंजी अंथरतात आणि फुली गायब होते. म्हणून हलणार नाही अशी जागा धरा. आम्ही गेटचा डावा खांब धरला: फोन उभा, खांबाला टेकवलेला, वरून तिसऱ्या विटेच्या रेषेत, झूम न करता. त्या पहिल्या चित्राचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. संध्याकाळी तो समोर ठेवून तुळस, दार आणि भिंतीचा कोपरा चौकटीत जिथल्या तिथे येतात का ते जुळवा. कॅमेरा दहा सेकंद अजिबात हलवू नका. चालत चालत घेतलेल्या दोन तुकड्यांची जोडी कधीच जमत नाही.

तयारी दाखवणं

कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही स्वतः शूटिंग करू शकणार नाही. आचारी मीठ मागणार, फुलवाला रस्त्यात अडकलेला असणार, वाढपी दोन कमी आलेले असणार. एक मुलगा किंवा मुलगी फक्त फोनसाठी ठेवा आणि त्याला काय काय हवं ते कागदावर लिहून द्या. घरच्यांचा फोटोग्राफर वेगळा असतो. त्याच्याकडून एखादा तुकडा हवा असेल तर त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही विचारून घ्या आणि रीलखाली त्याचं नाव द्या.

मांडव उभारतानाचं चित्रण वेगाने पळवलेलं, म्हणजे टाइमलॅप्समध्ये चांगलं दिसतं. पण दिवसभर फोन लावून ठेवण्याची गरज नाही. हिशेब साधा आहे. दर ५ सेकंदांना एक चित्र घेतलं तर ४० मिनिटांत ४८० चित्रं होतात, आणि सेकंदाला ३० चित्रं या वेगाने ती १६ सेकंदांत संपतात. रीलमध्ये तुम्हाला मिळून दहा-बारा सेकंदच वापरायचे आहेत. म्हणून तीन टप्पे निवडा: पाइपचा सांगाडा उभा राहतो तो, साड्या लागतात तो, फुलं लागतात तो. प्रत्येकाची चाळीसेक मिनिटं घ्या आणि त्यातले तीन-चार सेकंद ठेवा.

फोन वर गच्चीच्या कठड्यावर स्टँडला घट्ट बांधा, पण उन्हात नको. मार्चच्या दुपारी इथे फोन तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद पडतो. वर छत्री बांधा किंवा जिन्याच्या सावलीची बाजू धरा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, कारण मधेच कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं. आणि भिंग रुमालाने पुसा. इथल्या धुळीत तासाभरात त्यावर पातळ थर बसतो आणि संध्याकाळचे सगळे दिवे धुरकट, पसरलेले दिसतात.

आता या कार्यक्रमात काय ठरलं आणि ते कॅमेऱ्यात कसं आलं ते सांगते, कारण रील तिथेच घडतं.

पहिला निर्णय बैठकीच्या जागेचा. संध्याकाळी पाचला ऊन पश्चिमेकडून येतं. पूर्वेच्या बाजूला तिची बैठक मांडली असती तर ओटी भरताना तासभर ऊन थेट तिच्या डोळ्यांवर आलं असतं. म्हणून बैठक पश्चिमेच्या उंच भिंतीला पाठ लावून घेतली. चारनंतर तिथे भिंतीची सावली असते. हे रीलमध्ये दाखवायला भाषण लागत नाही. दुपारी तीनला अंगणावरची सावलीची कड आणि साडेचारला तीच पुढे सरकलेली कड, असे दोन तुकडे एकापाठोपाठ ठेवा आणि वर लिहा: "५ वाजता सावली इथे येते, म्हणून बैठक इथे." ज्या घरात गरोदर सून आहे तिथल्या माणसांना एवढं बघून कळतं की हे लोक विचार करून काम करतात.

या मांडणीची एक अडचण कॅमेऱ्याला होते. तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून चित्रण करता, भिंतीच्या वर आभाळ लख्ख असतं, आणि फोन आभाळ बघून उजेड कमी करतो, त्यामुळे खालची माणसं काळवंडतात. चौकटीतून आभाळ काढून टाका, म्हणजे फोन थोडा पुढे नेऊन खाली धरा. मग स्क्रीनवर माणसांच्या जागी बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस तिथेच कुलूपबंद होतो.

दुसरा निर्णय मागच्या पडद्याचा. भाड्याचा चकचकीत पडदा न लावता घरातल्याच साड्या लावल्या: आजीची दोन इरकली लुगडी, सासूबाईंची एक पैठणी आणि मध्ये हिरवा खण. लातूर-धाराशिवकडच्या जुन्या घरांत इरकल ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं असतंच. हा तुकडा अगदी जवळून घ्यावा. ट्रंकेचं झाकण उघडतंय, वर डांबर गोळी आणि वर्तमानपत्राचा कागद, त्याखालून लाल टोप-पदराचं लुगडं बाहेर येतंय, आजी त्याची घडी स्वतः मोडतेय. मग साडी पाइपवरून घेताना आमची मुलगी टाचणी न लावता काठाच्या आतून दोरी ओवते, म्हणजे साडीला भोक पडत नाही. ज्या बाईला आपल्या आईची साडी अशी लावावी वाटते पण फाटेल म्हणून धीर होत नाही, तिचं समाधान या दोन सेकंदांत होतं.

दुपारी वारं सुटतं. रिकाम्या अंगणात वावटळ आली की हलका सांगाडा साड्यांसकट शिडासारखा उभाच पडतो. म्हणून पाइपच्या पायाशी वाळूची भरलेली पोती आणि मागून भिंतीच्या कड्यांना दोरी. पोती नंतर सतरंजीने झाकली जातात, म्हणून झाकायच्या आधी एक तुकडा घ्या. हे दिसायला सुंदर नसतं, तरी घ्या. लहान पोरं इकडेतिकडे पळणार असतात आणि घरचा कर्ता माणूस नेमकं हेच बघत असतो.

तिसरा निर्णय पंगतीचा. बुफे ठेवला तर बायका हातात ताट घेऊन उभ्या राहतात आणि म्हाताऱ्यांचे हाल होतात. शिवाय घरच्यांना वाढून घालायचं होतं. पंगतीला माणशी दोन फूट धरले तर ४० फूट लांबीत २० पानं बसतात. समोरासमोर दोन ओळी, मधून वाढप्यांना चालायला वाट, म्हणजे एका पंगतीला ४०. ऐंशी जणींच्या दोन पंगती झाल्या. पहिली पंगत जेवत असताना उरलेल्या बैठकीपुढे डोहाळ्यांची गाणी म्हणत बसल्या. रीलमध्ये हे दाखवायला गच्चीवरून एकच तुकडा पुरतो: खाली दोन ओळी, मधल्या वाटेने येसराची आमटी घेऊन जाणारा वाढपी, पलीकडे गाणाऱ्या बायका. वर लिहिलं: "४० + ४०, दोन पंगती." स्वयंपाक मागच्या बोळात झाला, त्याचाही एक तुकडा हवा, कारण "आचाऱ्याला जागा कुठे द्यायची" हा प्रश्न प्रत्येक घरात असतो.

फुलांबद्दल एवढंच, की तिच्या अंगावरची फुलांची वाडी लातूरहून आली होती आणि ती ओल्या फडक्यात, बर्फाच्या डब्यात ठेवली होती. घालायच्या अर्धा तास आधी डबा उघडतानाचा तुकडा घ्या. कळ्या तेव्हा टवटवीत असतात, तासाभराने त्यांच्या कडा पिवळसर पडतात.

संध्याकाळ: दिवे आणि आवाज

अंधार पडला की कॅमेऱ्यात एक वेगळाच त्रास सुरू होतो. स्क्रीनवर काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी माळा आणि फोकस सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोनचा शटर त्या वेगाशी जुळला नाही की पट्टे येतात. फोनच्या प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. बहुतेक पट्टे तिथेच जातात. तरीही एखादी माळ लुकलुकत राहिली तर ती चौकटीबाहेर ठेवा, दुसरा इलाज नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, दिवे लावून, दहा सेकंद घेऊन बघा. नंतर एडिटिंगमध्ये हे नीट होत नाही.

साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं सोन्यासारखी. आभाळ अजून निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, त्यामुळे अंगणही दिसतं आणि रोषणाईही. गेटच्या खांबावरचा दुसरा तुकडा याच वेळात घ्या. पूर्ण काळोखात घेतलात तर सकाळच्या चित्रातली तुळस आणि दार दिसणारच नाही आणि जोडी फुकट जाईल.

आमच्या कार्यक्रमात पावणेसातला लाइट गेली. मागच्या गल्लीत लावलेला जनरेटर सुरू होऊन दिवे परत येईपर्यंत अंगणात अंधार आणि बायकांची "अगंबाई" ऐकू आली. फोनवाल्या मुलीने चित्रण बंद केलं नाही, हे फार बरं झालं. ते पाच सेकंद रीलमध्ये ठेवले. खूप जण असं काही कापून टाकतात. इथे लाइट जाणार हे सगळ्यांनाच माहीत असतं, गेल्यावर तुम्ही काय करता एवढंच बघायचं असतं.

आवाजाचं गणित वेगळं. पेज बिझनेस खात्याचं असेल तर इन्स्टाग्रामवर सिनेमातली बरीचशी गाणी तुम्हाला मिळतच नाहीत, कारण त्या परवान्यात धंद्याचा वापर बसत नाही. कुठून तरी डाउनलोड करून चिकटवलं तर आवाज बंद होतो किंवा रील उडतं. आणि गरज तरी कशाला? डोहाळ्यांची गाणी बायका स्वतःच म्हणत असतात. एखादी आजी खड्या आवाजात धरते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात, तोच आवाज घ्या, तिला विचारून. आवाजासाठी दुसरा फोन तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, पदराला घासणार नाही असा ठेवा. मोठा कूलर चालू असेल तर सगळं त्या घरघरीत बुडतं, म्हणून एक कडवं होईपर्यंत कूलर बंद ठेवायला सांगा. एका मिनिटात कुणी उकडून जात नाही.

पन्नास सेकंदांची जुळवणी

रील एका मिनिटाच्या आत ठेवा. इकडचं गिऱ्हाईक ते व्हॉट्सअ‍ॅपवरच जास्त बघतं आणि नणंदेला, मावशीला पुढे धाडतं. लांब असलं की कुणी शेवटपर्यंत थांबत नाही.

सुरुवातीचे दोन सेकंद सकाळचं अंगण, स्कूटरसकट, आणि वर मजकूर: "हेच अंगण. संध्याकाळी ८० जणींचं डोहाळे जेवण." लगेच एक सेकंद तीच चौकट संध्याकाळी, दिव्यांसकट, आणि पुन्हा सकाळ. आधी सजावट दाखवा असं सांगणारे खूप भेटतील. पण सजावट सगळ्यांकडेच असते, बघणारीला थांबवतं ते आपल्यासारखं अंगण. पुढचे दहा-बारा सेकंद सांगाडा, साड्या, फुलं. त्यानंतर आठेक सेकंद सावलीची कड, वाळूची पोती, बोळातली चूल. मग सगळ्यात मोठा भाग, पंधरा-सोळा सेकंद, ओटी, गाणं आणि पंगत, इथे घाई नको. ओटीत तांदूळ, खण, नारळ पडतानाचा तुकडा पूर्ण तीन सेकंद राहू द्या. नंतर लाइट जाते आणि येते. शेवटी गेटच्या खांबावरून भरलेलं अंगण.

शेवटच्या पाटीवर काय होतं ते जसंच्या तसं लिहिते: "पाहुणे ८०. अंगण ३० बाय ४०. तयारी सकाळी ९ ते ४. साड्या आणि भांडी घरची. मांडव, फुलं, आचारी, वाढपी, जनरेटर आमच्याकडून." घरचं काय आणि आपलं काय हे लिहायला लाजू नका. नाही लिहिलं तर पुढचं गिऱ्हाईक पैठणीसुद्धा तुमच्याच कोटेशनमध्ये धरतं आणि मग घासाघीस सुरू होते. रक्कम मी टाकत नाही, कारण फुलांचा भाव सणावाराला आणि लग्नसराईत दुप्पट-तिप्पट होतो आणि जुना आकडा गळ्यात पडतो. दुसऱ्या कार्यक्रमातला एखादा भारी तुकडा इथे घुसवू नका. त्या घरच्या पाहुण्या रील बघणार असतात आणि "हे झुंबर तर नव्हतं तिथं" असं खाली लिहिणारी एखादी मामी निघतेच.

मजकुराबद्दल दोन गोष्टी. बरेच जण रील आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुद्द्याची गोष्ट लिहिलेली असावी. पण खालच्या भागात आणि उजव्या कडेला अ‍ॅपची बटणं व नाव येतं, तिथे लिहिलेलं झाकलं जातं. मजकूर मध्याच्या थोडा वर ठेवा. दुसरं म्हणजे देवनागरी. एडिटिंग अ‍ॅपमधल्या कित्येक फॅन्सी फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते, रफार वरून कापला जातो. `Mukta` किंवा `Baloo 2` यांसारखा देवनागरीसाठीच बनवलेला फाँट घ्या आणि "ओटीभरण", "आमंत्रण", "कार्यक्रम" असे शब्द लिहून तपासा. एक्सपोर्ट केल्यावर पुन्हा वाचा, कारण काही अ‍ॅपमध्ये अक्षरं तिथेच मोडतात.

चौकट उभी, १०८० बाय १९२०. कव्हरला संध्याकाळचं भरलेलं अंगण ठेवा, पण पेजवर कव्हरचा वरचा-खालचा भाग कापला जातो, म्हणून कव्हरवरचे शब्द मधोमध हवेत. टाकायच्या आधी रील घरच्यांना पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दबून धूसर होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सुनेने बघितलं, आजीने बघितलं, "हो" आलं, की मगच.

फोन आल्यावर

या रीलवरून येणारे फोन बहुतेक असे असतात: "ताई, ते साड्यांचं बघितलं, आमच्याकडं तसंच करायचं. पण आमचं अंगण नाही, गच्ची आहे, जमंल का?" यावर लगेच "जमेल की" म्हणू नका आणि भावही सांगू नका. "काकू, जिना चढून वर आलात की तिथंच उभं राहून एक व्हिडिओ काढा, फोन उभा धरा, आणि संध्याकाळी पाचला ऊन कुठं येतं ते बोटानं दाखवा," असं सांगा. त्या एका व्हिडिओत तुम्हाला पाण्याची टाकी, कठड्याची उंची, जिन्याची रुंदी आणि सावली सगळं दिसतं. कठडा कंबरेपेक्षा खाली असेल किंवा जिना एकावेळी एकच माणूस जाईल असा असेल तर गच्चीवर पंगत नाही म्हणूनच सांगायचं, जेवण खाली किंवा गल्लीत आणि वर फक्त ओटी. सातव्या महिन्यातल्या बाईला किती पायऱ्या चढाव्या लागतील तेही विचारून घ्या. जमणार असेल तर त्यांच्या व्हिडिओतल्या एका चित्रावर बोटानेच रेघा ओढा, बैठक इथे, पंगत इथे, आचारी इथे, आणि ते रीलसोबत परत पाठवा. कोटेशन त्यानंतर.